सरवा वेचणाऱ्या तिघींची धास्ती

कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात तीन बायका सरवा वेचताहेत. दोघी कमरेत पार वाकल्या आहेत, तिसरी अर्धवट वाकलेली आहे. झाँ-फ्रांस्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचे हे चित्र १८५७ साली पॅरिसच्या ‘सलाँ’मध्ये, म्हणजे सरकारी वार्षिक प्रदर्शनात, लागले. चित्रात ना रक्तपात, ना नग्नता. तरीही एका टीकाकाराला त्या बायकांच्या पाठीमागे दंगेखोरांचे भाले आणि १७९३ सालचे वधस्तंभ दिसले. दुसऱ्याने त्यांची तुलना माणसाच्या आयुष्याचा धागा कातणाऱ्या आणि तोडणाऱ्या ग्रीक पुराणातल्या तीन नियतिदेवतांशी केली. या मात्र दारिद्र्याच्या देवता, असा त्याचा टोमणा होता.

एवढे बिथरायला झाले काय? गरिबांची चित्रे फ्रान्सला नवी नव्हती. सतराव्या शतकात ल नँ बंधूंनी शेतकरी कुटुंबे रंगवली होती. सरवा वेचण्याची प्रथाही जुनी आणि कायद्याने मान्य होती. पीक उचलून झाले की मागे राहिलेली कणसे गोळा करण्याचा हक्क गावातल्या गोरगरिबांना होता. म्हणजे विषयात धक्कादायक काही नव्हते.

याचा पुरावा दोनच वर्षांत मिळाला. १८५९च्या सलाँमध्ये ज्यूल ब्रताँ या चित्रकाराने सरवा वेचणाऱ्यांचेच चित्र मांडले. ते मिलेच्या चित्राहून मोठे, पावणेदोन मीटर रुंद होते. त्याचे भरभरून कौतुक झाले आणि तिसऱ्या नेपोलियनच्या दरबाराने ते विकत घेतले.

ब्रताँच्या चित्रात संध्याकाळ झाली आहे. गावचा राखणदार हाक मारतो आहे आणि बायका कणसांच्या पेंढ्या डोक्या-खांद्यावर घेऊन घराकडे निघाल्या आहेत. पाय अनवाणी, लुगडी फाटकी. पण चाल एखाद्या राणीसारखी ताठ. चेहरे स्पष्ट दिसतात आणि ते देखणे आहेत. काम संपले आहे, पदरात काही पडले आहे आणि राखणदाराच्या देखरेखीखाली सगळे शिस्तीत चालले आहे. गरिबी आहे, पण तिची तक्रार नाही. दरबाराच्या भिंतीवर असे चित्र खुशाल लावता येते.

मिलेने यातली एकही सवलत दिली नाही. त्याच्या बायकांचे काम संपलेले नाही. चेहरे सावलीत बुडालेले, त्यामुळे नजर जाते ती जाडजूड हातांकडे, बोजड कपड्यांकडे आणि वाकलेल्या पाठींकडे. शरीरे जवळजवळ पूर्णपणे क्षितिजरेषेखाली आहेत, जणू जमिनीनेच त्यांना धरून ठेवले आहे. आता मागे पाहा. दूरवर सोनेरी उजेडात गंज्यांचे ढीग, भरलेली गाडी, कापणी करणाऱ्यांची लगबग आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला मुकादम. भरघोस पीक मागे आणि पुढे मूठभर कणसे. मिलेने कुठेही भाष्य केलेले नाही. दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत ठेवल्या, इतकेच. त्यातही त्या तिघी एवढ्या भारदस्त रंगवल्या, की असा मान तोवर देवदेवतांना आणि वीरपुरुषांनाच मिळत असे.

टीकाकारांच्या डोळ्यांपुढे तेव्हा आणखी एक गोष्ट होती. १८४८च्या क्रांतीने राजा घालवला, सगळ्या प्रौढ पुरुषांना मताचा हक्क दिला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पॅरिसच्या कामगारांचा उठाव सैन्याने चिरडला. ती भीती ताजी असतानाच, १८५०-५१च्या सलाँमध्ये ग्युस्ताव्ह कुर्बेने रस्त्यासाठी खडी फोडणारे दोन मजूर जवळजवळ खऱ्या मापात रंगवून मांडले. त्यांचेही चेहरे दिसत नव्हते. शेजारी त्याचेच ‘ऑर्नाँचा अंत्यविधी’ होते. खेड्यातली साधी माणसे आणि कॅनव्हास साडेसहा मीटरहून रुंद! एवढे माप इतिहास आणि धर्म यांच्यासाठी राखीव असे. तेव्हापासून राबणारा माणूस मोठा, गंभीर आणि गोड न करता रंगवला, की त्यात राजकारणाचा वास घेतला जाऊ लागला.

खुद्द मिले नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. आपण चळवळ्ये नाही, असे तो सांगत राहिला. त्याच्या बाजूने लिहिणारेही होते, पण चित्र अवघ्या तीन हजार फ्रँकला गेले. १८८९ साली, मिलेच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, त्याच चित्राला तीन लाख फ्रँक मिळाले आणि पुढे ते राष्ट्राच्या संग्रहात आले.

आज दोन्ही चित्रे पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. मिलेच्या टीकाकारांना आपण सहज हसतो, पण त्यांनी चित्र नीट पाहिले होते. भाले त्यांच्या मनातले होते. गंज्यांचे ढीग आणि ती मूठभर कणसे यांच्यातले अंतर मात्र चित्रातच होते. ब्रताँने ते झाकले म्हणून त्याचे चित्र आवडले, मिलेने उघडे ठेवले म्हणून त्याचे खुपले.