धूम टिपताना

अखंड हरिनाम सप्ताहातलं रात्रीचं कीर्तन साधारण दोन तास चालतं. त्याचं ध्वनिमुद्रण नंतर सलग ऐकलं, तर अनेकदा एक गोष्ट कानाला खटकते. सुरुवातीच्या चालीत मृदंगाची डावी बाजू भरदार, घुमणारी असते. तासाभराच्या निरूपणानंतर गजर उभा राहतो तेव्हा तीच बाजू चढलेली आणि पोकळ वाजते. दोष मायक्रोफोनला दिला जातो, मिक्सरवरची बटणं फिरवली जातात. पण बदललेली असते ती डाव्या पुडीवरची कणीक. पंख्याच्या वाऱ्याने आणि मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने ती वाळत गेलेली असते.

वारकरी ज्याला मृदंग म्हणतात तो पखवाज. खोड लाकडाचं, दोन्ही तोंडांना चामड्याच्या पुड्या, आणि त्या दोन्ही एकाच वादीने ताणलेल्या. उजव्या पुडीवर कायमची शाई असते. डाव्या, म्हणजे धूम पुडीवर दर वेळी ओल्या कणकेची ताजी चकती लावतात आणि वादन संपलं की खरवडून काढतात. ती तशीच राहिली तर चामडं खराब होतं, उंदीर-मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

वजन घातलेलं चामडं स्वर का देतं, हा प्रश्न सी. व्ही. रामन यांनीही अभ्यासला होता. भारतीय तालवाद्यांवरचं त्यांचं पहिलं टिपण १९२० साली ‘नेचर’मध्ये आलं आणि सविस्तर निबंध १९३४ साली. साध्या ताणलेल्या चामड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याचा नुसता धडधडाट होतो. मध्यभागी शाईचा भार आला की ते उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येऊ लागतात आणि कानाला षड्ज ओळखू येतो. कणकेचा भार धूम पुडीचा स्वर खाली आणतो. कीर्तन काळी एकमध्ये असेल तर उजवी बाजू २७७ हर्ट्झच्या आसपास लावतात आणि डावी तिच्या खालच्या षड्जावर, म्हणजे १३९च्या जवळ. भरल्या हाताच्या थापेचा दणका त्याच्याही खाली उतरतो.

लावण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी उजवी बाजू, गठ्ठे सरकवून आणि गजऱ्यावर हातोडीने ठोकून. वादी एकच असल्याने उजवीकडचा ताण डावीकडेही पोचतो, म्हणून कणीक शेवटी. पोळीच्या कणकेपेक्षा थोडी सैल मळून, पुडीचा मध्य ओल्या बोटाने पुसून, ती मधून कडेकडे दाबत बसवतात. खाली हवा अडकली तर प्रत्येक थापेबरोबर बारीक फरफर येते. सभामंडपात ती कुणाला कळत नाही, पण वीतभर अंतरावरच्या मायक्रोफोनला स्पष्ट ऐकू जाते. कणीक जास्त झाली तर आवाज खाली जातो खरा, पण घुमत नाही, थप्प होऊन बसतो. कमी पडली तर पुडी ढणढणते. ध्वनिमुद्रकाने मायक्रोफोन लावण्याआधी इथेच कान द्यावा, कारण यातलं काहीही नंतर मिक्सरवर दुरुस्त होत नाही.

धुमेसाठी मायक्रोफोन पुडीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर, वादकाच्या हाताला मोकळीक ठेवून आणि तिरका लावतात. त्याचा रोख कणकेच्या मध्यावर नको, कणकेची कड आणि गजरा यांच्यामधल्या भागावर हवा. समोरून लावला तर उघड्या पंजाने ढकललेली हवा थेट आत शिरते आणि थापेऐवजी फटका नोंदला जातो. एका दिशेने ऐकणारे मायक्रोफोन जवळ नेले की खालचे स्वर फुगवतात. म्हणून धुमेत भरणा कमी वाटला तर आधी मायक्रोफोन दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकवून पाहावा, मग बटणांकडे वळावं. अनेक मिक्सरवर ८० किंवा १०० हर्ट्झखालचं सगळं कमी करणारं बटण असतं. गायकासाठी ते उपयोगी, पण मृदंगाच्या वाहिनीवर दाबलेलं राहिलं तर थापेचा तळ निघून जातो.

उजव्या बाजूचा मायक्रोफोन थोडा वरून, शाईच्या कडेकडे रोखलेला असतो. तिथे खरी अडचण टाळांची. टाळकरी मागे उभे असतात आणि टाळांचा आवाज इतका तीक्ष्ण असतो की मृदंगाच्या मायक्रोफोनमध्येही तेच पुढे येतात. हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचा मायक्रोफोन पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. म्हणून त्याची पाठ टाळकऱ्यांकडे येईल असा कोन काढावा लागतो. स्टुडिओत कंडेन्सर सुंदर काम करतो. मंडपात श्युअर एसएम ५७ सारखा साधा डायनॅमिक अधिक भरवशाचा, कारण त्याला लांबचं कमी ऐकू येतं.

दोन मायक्रोफोन लागले की एक चमत्कारिक गोष्ट घडते. एकेकटे ऐकले तर दोन्ही छान, एकत्र केले की धूम बारीक होते. डाव्या पुडीवर थाप पडली की ती आत जाते, खोडातली हवा ढकलली जाते आणि उजवी पुडी बाहेर येते. एका मायक्रोफोनपासून चामडं दूर जात असतं तेव्हा दुसऱ्याकडे ते येत असतं, म्हणजे खालचे स्वर एकमेकांना खोडतात. एका वाहिनीवरचं फेज उलटं करणारं बटण दाबून पाहावं आणि ज्या स्थितीत धूम भरून येते ती ठेवावी. वादकाला नुसती उघडी थाप द्यायला सांगितली, तर निर्णय लगेच होतो.

आवाजाची पातळी मात्र पहिल्या अभंगावर ठरवू नये. वादकाकडून गजराची सर्वांत जोरकस लग्गी वाजवून घ्यावी आणि तिचं टोक कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली राहील असं बघावं. टाळकरी पावली खेळू लागले की लाकडी मंच दणदणतो आणि तो दणका स्टँडमधून मायक्रोफोनमध्ये चढतो, तोही नेमका धुमेच्याच पट्ट्यात. स्टँडखाली जाड फोम ठेवावा. शक्य असेल तिथे स्टँड मंचाला न टेकवता जमिनीवरून उभा करावा.

आता पुन्हा कणकेकडे. निरूपण सुरू झालं की मृदंग थांबतो, आणि तेव्हाच कणीक सर्वांत वेगाने वाळते, कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. कडेला भेगा पडतात, तुकडे सुटतात. जाणते वादक शेजारी पाण्याची वाटी ठेवतात आणि अधूनमधून ओलं बोट फिरवतात. ध्वनिमुद्रकाने त्यांच्याशी खूण ठरवून घ्यावी. निरूपणात मृदंगाच्या वाहिन्या खाली घ्याव्यात, कारण मोकळी धूम पुडी लाउडस्पीकरच्या आवाजाने आपोआप घुमत राहते. गजर येणार असं दिसलं की वादकाने पुडी ओली करून हलक्या हाताने दोन थापा द्याव्यात, ध्वनिमुद्रकाने त्या हेडफोनवर ऐकाव्यात आणि मग वाहिन्या वर घ्याव्यात. पावसाळ्यात उलट होतं. कणीक टिकते, पण दमट हवेने चामडं सैल पडून उजवी बाजू उतरते. वादक गजऱ्यावर हातोडी चालवतो आणि त्या ताणाने धूमही चढते.

म्हणून प्रत्येक वेळी कणीक ओली केल्यावर किंवा गजरा ठोकल्यावर एक उघडी थाप मुद्दाम नोंदवून तिची वेळ लिहून ठेवणं उपयोगी पडतं. नंतर संकलनात दोन अभंग जोडायचे असतील, तर कोणत्या तुकड्यातली धूम कोणाशी जुळते हे त्या थापांवरून ठरवता येतं. जिथे अर्ध्या स्वराचाही फरक दिसतो तिथे जोड निरूपणाच्या मधोमध घ्यावी लागते, अभंगाच्या आत नाही.