उणे ४४ चे आठ बिट: उत्तराची पडताळणी

−४४ ही संख्या आठ बिटांच्या टूज कॉम्प्लिमेंटमध्ये लिहिताना आधी ४४ चे बायनरी रूप घेतात: ३२ + ८ + ४, म्हणजे १०११००. हे सहाच अंक झाले, म्हणून डावीकडे दोन शून्ये देऊन ००१०११०० असे आठ अंक पुरे करतात. मग प्रत्येक अंक उलटवला की ११०१००११ मिळते. त्यात १ मिळवला की उजवीकडच्या दोन एकांचे शून्य होऊन हातचा तिसऱ्या घरात जातो आणि ११०१०१०० हे उत्तर येते.

हे उत्तर ताळून पाहण्याची एक प्रचलित रीत बेरजेची. ००१०११०० आणि ११०१०१०० यांची बेरीज केली की आठही घरांत शून्य येते आणि एक हातचा नवव्या घरात जातो. ते घर आठ बिटांत नाहीच, त्यामुळे तो हातचा सोडून देतात. उलटवल्यावर १ मिळवायचा राहिला असेल, तर बेरीज ११११११११ येते आणि चूक लगेच कळते.

पण ही बेरीज मधल्या पायऱ्यांचीच साक्ष देते. समजा, सुरुवातीलाच घोटाळा झाला आणि ४४ ऐवजी ००१०१११० लिहिले गेले. ते खरे तर ४६. त्यावरून ११०१००१० हे उत्तर निघेल. कागदावरच्याच अंकांशी त्याची बेरीज केली, तर ती बिनचूक शून्य येईल, कारण चूक दोन्ही बाजूंना सारखीच आहे.

म्हणून उत्तर थेट दशमानात परत वाचणे अधिक भरवशाचे. सर्वांत डावीकडच्या घराची किंमत उणे १२८ धरायची. पुढच्या घरांच्या किमती नेहमीप्रमाणे ६४, ३२, १६, ८, ४, २, १. ११०१०१०० मध्ये −१२८ + ६४ + १६ + ४, म्हणजे −४४. चुकलेल्या ११०१००१० ची किंमत −१२८ + ६४ + १६ + २, म्हणजे −४६ भरते. इथे मूळ बायनरीकडे पाहावेच लागत नाही, आणि या रीतीचे बळ त्यातच आहे.

आठ अंक पुरे न करता उलटवले तरी हीच रीत चूक दाखवते. १०११०० वरून ०१०१०० येते; नंतर डावीकडे शून्ये जोडली तर ०००१०१००, म्हणजे चक्क अधिक २०. ऋण संख्येच्या उत्तरात पहिला अंक ० दिसला, की पुढे तपासण्याची गरजच उरत नाही.

मात्र तो ० दर वेळी हिशेबातल्या चुकीमुळेच येतो असे नाही. −१५० घेतले तर १५० म्हणजे १००१०११०; उलटवून १ मिळवल्यावर ०११०१०१० येते. बेरीज शून्यच येते, पायऱ्याही बरोबर आहेत, तरी किंमत १०६ भरते. आठ बिटांत −१२८ ते १२७ एवढ्याच संख्या मावतात; −१५० साठी निदान नऊ बिट लागतात. −१२८ स्वतः मात्र १००००००० या आठ अंकांत नीट बसते.