बोट दाखवलं की कुत्र्याला काय कळतं?

दोन वाट्या जमिनीवर उपड्या घालायच्या. एकीखाली खाऊचा तुकडा ठेवायचा, पण कुत्र्याला ते दिसू द्यायचं नाही. मग मधोमध उभं राहून खाऊ असलेल्या वाटीकडे बोट दाखवायचं आणि कुत्र्याला सोडायचं. अमेरिकेत ब्रायन हेअर आणि हंगेरीत आदाम मिक्लोशी यांनी १९९०च्या दशकात अशा चाचण्या घेतल्या, तेव्हा बहुतेक कुत्रे बोटाच्या दिशेने गेले. खूप हुशार मानले जाणारे चिंपांझी मात्र याच कामात गोंधळत होते.

पहिली शंका अर्थातच वासाची. म्हणून दोन्ही वाट्यांना आतून खाऊ चोळतात आणि काही वेळा बोट न दाखवताच कुत्र्याला सोडतात. तेव्हा त्याची निवड निम्म्या वेळा बरोबर, निम्म्या वेळा चूक येते. म्हणजे तो नाकाच्या भरवशावर नव्हे, हाताच्या भरवशावर जात असतो. हात कुत्रा निघण्याआधीच खाली घेतला, तरीही अनेक कुत्र्यांना दिशा लक्षात राहते.

मग हे शिकवण्यामुळे येतं का? याचं मोलाचं उत्तर आपल्याच रस्त्यांवर मिळालं. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या काही शहरांत १६० भटक्या कुत्र्यांची हीच परीक्षा घेतली. सुमारे निम्मे जवळच आले नाहीत. त्यांना खूण कळली नाही असं यावरून म्हणता येत नाही, कारण माणसाच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे कुत्रे पुष्कळ असतात. पण जे आले, त्यांतले जवळपास ८० टक्के बोटाच्या दिशेने गेले. यांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं. माणसांना रोज न्याहाळत ते बरंच शिकले असतील, हे मात्र नाकारता येत नाही.

बोट दाखवणं कुत्र्याला हुकूम वाटतो की खबर, हा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो. जपानमधल्या क्योतोत अकिको ताकाओका यांनी तो २०१५मध्ये मांडला. आधी खरी वाटी दाखवली, कुत्रे गेले. मग दोन्ही भांडी उघडून आतलं दाखवलं आणि मुद्दाम रिकाम्याकडे बोट केलं. तिसऱ्या वेळी त्याच माणसाने खरं भांडं दाखवलं, तरी बऱ्याच कुत्र्यांनी त्याचं ऐकलं नाही. नवा माणूस आला की मात्र ते पुन्हा बोटामागे जाऊ लागले.

निव्वळ हुकूम पाळायचा असता, तर माणूस बदलल्याने इतका फरक पडला नसता. तेव्हा कोण दाखवतंय, याचाही कुत्रा हिशेब ठेवतो असं मला वाटतं. समोरच्याच्या मनात काय आहे हे तो ओळखतो, असं मात्र या प्रयोगांनी सिद्ध झालेलं नाही. घरी करून पाहणार असाल तर दोन्ही वाट्यांना खाऊ चोळायला विसरू नका, आणि गंमत म्हणूनही त्याला रिकामी वाटी दाखवू नका.