रात्रीचे ताट आणि रक्तातली साखर

उपाशीपोटी रक्तातली साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम, किंवा दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के आले, की त्या अवस्थेला सहसा पूर्वमधुमेह म्हणतात. इन्सुलिन तयार होत असते, पण स्नायू आणि यकृत त्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंनी उचलायचा असतो. तो वेळेवर उचलला गेला नाही, की साखर चढते आणि बराच वेळ उतरत नाही.

घरोघरीचे रात्रीचे जेवण पाहू: चार पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर भात आणि पातळ वरण. त्यातून अंदाजे १४० ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. वरणाने प्रथिने मिळतात म्हणावे, तर वाटीत डाळीपेक्षा पाणीच जास्त. त्याऐवजी दोन पोळ्या, वाटीभर मटकीची घट्ट उसळ, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, थोडे दही आणि दोन घास भात घेतला, तर कर्बोदके सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. कोशिंबीर आणि उसळ आधी, पोळी-भात नंतर खाल्ल्यास साखर आणखी सावकाश चढते. पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली की काम झाले, हा समज मात्र अर्धाच खरा. तीन-चार भाकऱ्या झाल्या तर पिठाचा हिशेब फारसा बदलत नाही.

साखर साधारणपणे जेवणानंतर तासा-दीड तासात सर्वांत वर जाते. त्याआधीच पंधरा मिनिटे चालण्याचा उपयोग होतो, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर ओढून घेतो. ही सवय लावायची तर रात्रीच्या जेवणापासूनच लावावी, कारण त्यानंतर बहुतेक जण थेट अंथरुणावर पडतात.

ताकदीच्या व्यायामाने साखर साठवणारा स्नायूच वाढतो. भारतीयांत हा मुद्दा मोलाचा आहे. अंगाने सडपातळ, पण शरीरात चरबी जास्त अशी ठेवण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिली आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये दिवस सोडून, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर आणि पाण्याच्या बाटल्या उचलणे पुरते. दहा-बारा वेळा केल्यावर शेवटचे दोन जड जायला हवेत. सहज जमू लागले की वजन वाढवावे. श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब चढतो.

सुरुवातीआधी डॉक्टरांकडून रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंड तपासून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने मनाने वाढवू नयेत. लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी खोटे वाढलेले दिसू शकते, म्हणून हिमोग्लोबिनही पाहावे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. तरीही आकडा चढत राहिला, तर मेटफॉर्मिनचा निर्णय डॉक्टर घेतात.