मरण एकदाच, भुयार दरवेळी नवं

१९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संगणकांवर ‘रोग’ नावाचा खेळ आला. त्यातली तळघरं प्रत्येक डावाला नव्यानं रचली जात आणि खेळाडू मेला की डाव संपला; जुन्या जागेवरून पुन्हा सुरुवात नाही. या घराण्यातल्या खेळांना आजही ‘रोगलाइक’ म्हणतात. पण भुयार नवं असूनही अन्याय होऊ द्यायचा नाही, हे कसं साधतं ते पाहायला डेरेक यू यांचा २००८ मधला ‘स्पेलंकी’ सर्वांत सोयीचा.

स्पेलंकीची एक पातळी म्हणजे चार बाय चार अशा सोळा खोल्या. संगणक वरच्या ओळीतली कुठलीही एक खोली निवडतो आणि तिथून जणू पाच आकड्यांचा फासा टाकतो. १ किंवा २ पडलं तर डावीकडे, ३ किंवा ४ पडलं तर उजवीकडे, ५ पडलं तर खाली. बाजूची भिंत आडवी आली तरी खालीच. तळाच्या ओळीतून आणखी खाली जायची वेळ आली की तिथं बाहेर पडायचं दार. असा रस्ता आधी ठरतो, मग त्यावरच्या खोल्यांना हवी तिथं तोंडं ठेवली जातात. त्यामुळे बॉम्ब किंवा दोरी न वापरता दारापर्यंत पोहोचता येणारच. रस्त्याबाहेरच्या खोल्यांना मात्र ही हमी नाही. तिथलं सोनं हवं असेल तर बॉम्ब खर्च करा.

खोल्यांचे साचे माणसानं हातानं आखलेले असतात; संगणक त्यांतले काही तुकडे बदलतो. मला हीच खरी हुशारी वाटते. सगळंच यदृच्छेवर सोडलं तर भुयारं वेगळी होतात, पण सारखीच कंटाळवाणी.

आता मरणाकडे येऊ. भिंतीतला बाणाचा सापळा समोरून काहीही हललं की सुटतो आणि चारपैकी दोन जीव घेतो. सापळा कुठं असेल हे ठरलेलं नाही, पण वागणं कायम तेच. शिवाय तो डोळ्यांना दिसतो. त्याच्यासमोर आधी दगड फेकला की बाण वाया जातो. न बघता उडी मारली तर बाणाचा धक्का बसून खालच्या काट्यांवर पडता येतं, आणि काट्यांवर पडलं की सरळ मृत्यू. डाव हरला तरी दगडाची युक्ती पुढच्या डावात कामी येते. खेळाडूजवळ उरतं ते एवढंच, म्हणून पाठांतराचा इथं उपयोग नाही. सापळा दिसलाच नसता किंवा कधी सुटला, कधी नाही असं झालं असतं, तर त्याच मरणाला खेळाडूनं शिव्या घातल्या असत्या.

या खेळाच्या २०१३ मधल्या संगणकी आवृत्तीत रोजचं आव्हान आलं. त्यात त्या दिवशी जगभरच्या सगळ्यांना तंतोतंत एकच भुयार मिळतं, आणि प्रत्येकाला एकच डाव.