आठवड्याला सहा गणितं, आणि ताळ्याशिवाय फोटो नाही

गेटची तयारी करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या एका अभ्यासगटात, परीक्षेला तीनेक महिने उरले असताना, एका मुलीने मेसेज टाकला:

“मंडळी, आयगेन व्हॅल्यूचे व्हिडिओ सगळ्यांचे बघून झालेत, पण वहीवर कुणाच्याच काही नाही. पुढचे पाच आठवडे असं करूया का? दर मंगळवारी रात्री मी सहा गणितं टाकते. शुक्रवारपर्यंत सोडवून वहीचा फोटो. रविवारी सकाळी तासभर कॉल, तोही फक्त अडलेल्या गणितांसाठी. पहिला आठवडा २×२. दुसरा ३×३, साधी उत्तरं येणारी. तिसऱ्यात एकच उत्तर दोनदा येणारी. चौथ्यात सिमेट्रिक मॅट्रिक्स, केली-हॅमिल्टन आणि घात. पाचवा सगळा मिश्र. दुसऱ्या आठवड्यापासून सहातली दोन गणितं मागचीच असतील, ती कुठली हे मी सांगणार नाही. आणि ताळा लिहिल्याशिवाय फोटो टाकायचा नाही. कॉम्प्युटर पाचव्या आठवड्यापर्यंत बंद.”

अशी वेळापत्रकं मोबाइलवर रोज फिरत असतात आणि बहुतेक दुसऱ्या आठवड्यात विरून जातात. या वेळापत्रकात गणितांची संख्या मोजकी आहे आणि क्रम मात्र विचार करून लावलेला आहे. तो तसा का लावला, हे कळायला आधी आयगेन व्हॅल्यू म्हणजे काय ते पाहावं लागेल. त्याला २×२ची एक मॅट्रिक्स पुरते.

समजा, मॅट्रिक्सची पहिली ओळ ४, १ आणि दुसरी ओळ २, ३ अशी आहे. संख्यांची कुठलीही जोडी तिला दिली की ती दुसरी जोडी परत देते. (१, ०) दिली तर (४, २) मिळते, म्हणजे बाणाची दिशाच बदलली. (१, १) दिली तर मात्र (५, ५) मिळते. दिशा तीच राहिली, लांबी पाचपट झाली. (१, −२) दिली तर (२, −४) मिळते. इथेही दिशा कायम आणि लांबी दुप्पट. दिशा न सोडणारे हे बाण म्हणजे आयगेन व्हेक्टर आणि ५ व २ या पटी म्हणजे त्यांच्या आयगेन व्हॅल्यू. पुलाची कंपनं असोत की लोकसंख्येची वाढ, एकच क्रिया पुन्हा पुन्हा होते तिथे या पटींवरून पुढचं चित्र कळतं. म्हणूनच गेटच्या बहुतेक इंजिनिअरिंग पेपरांच्या अभ्यासक्रमात हा विषय असतो.

काढण्याची रीत ठरलेली आहे. मुख्य कर्णावरच्या प्रत्येक संख्येतून λ वजा करायचा, येणारा निश्चयक शून्य धरायचा आणि समीकरण सोडवायचं. इथे λ² − ७λ + १० = ० येतं आणि उत्तरं ५ व २.

ताळ्याच्या अटीचं कारणही याच समीकरणात आहे. ७ ही कर्णावरच्या ४ आणि ३ यांची बेरीज आहे, तिला ट्रेस म्हणतात. १० हा निश्चयक आहे. आयगेन व्हॅल्यूंची बेरीज ट्रेसएवढी आणि गुणाकार निश्चयकाएवढा आलाच पाहिजे. हा ताळा करायला अर्धं मिनिट लागतं. गेटमध्ये काही प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तराची संख्या थेट टाइप करावी लागते. तिथे चुकीचं उत्तर ‘पर्यायांत नाही’ म्हणून सावध करायला कुणी नसतं. स्क्रीनवर साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर मिळतो, पण तो आयगेन व्हॅल्यू काढून देत नाही.

पहिल्या आठवड्यात ताळा करताना बेरीज आणि गुणाकार दोन्ही तपासायचे, यालाही कारण आहे. समीकरणं सोडवताना ओळींची वजाबाकी करून मॅट्रिक्स सोपी करायची सवय विद्यार्थ्यांना लागलेली असते आणि ती इथेही हात घालते. वरच्याच मॅट्रिक्समध्ये दुसऱ्या ओळीतून पहिलीची निम्मी वजा केली की दुसरी ओळ ०, २.५ होते. मग कर्णावरचे ४ आणि २.५ हेच उत्तर म्हणून लिहिले जातात. गुणाकार बरोबर १० येतो! ओळींच्या या क्रियेने निश्चयक बदलत नाही, त्यामुळे फक्त गुणाकार पाहणारा फसतो. बेरीज मात्र ६.५ येते आणि चोरी पकडली जाते. आयगेन व्हॅल्यू काढण्याआधी मॅट्रिक्सला हात लावायचा नाही, हे एकदा अशी चूक हातून झाली की पक्कं लक्षात राहतं.

३×३वर हे दोन ताळे पुरत नाहीत. तिसऱ्या आठवड्यातल्या संचात शोभेल असं एक गणित घेऊ: कर्णावर तिन्ही ठिकाणी २ आणि बाकी सगळीकडे १. ट्रेस ६, निश्चयक ४. समीकरणाच्या मधल्या पदासाठी कर्णालगतचे तीन छोटे निश्चयक काढून त्यांची बेरीज घ्यावी लागते. प्रत्येक निश्चयक २ × २ − १ × १, म्हणजे ३ येतो आणि बेरीज ९ होते. समीकरण λ³ − ६λ² + ९λ − ४ = ०, उत्तरं ४, १, १.

आता समजा घाईत तिघांपैकी एका ठिकाणी ‘वजा १’ करायचं राहिलं. तीनऐवजी चार आले, बेरीज १० झाली. समीकरण λ³ − ६λ² + १०λ − ४ = ० झालं आणि उत्तरं आली २, २ + √२, २ − √२. दिसायला ही उत्तरं अगदी प्रतिष्ठित आहेत. बेरीज ६, गुणाकार ४. दोन्ही ताळे जुळले आणि तीनपैकी एकही उत्तर बरोबर नाही. मधलं पद हे दोन ताळे तपासतच नाहीत, आणि चूक नेमकी तिथेच आहे.

ती कळते पुढच्या पायरीला. λ = २ साठी आयगेन व्हेक्टर काढायला बसलं की y + z = ०, x + z = ०, x + y = ० अशी समीकरणं मिळतात. ती सोडवली तर x, y, z तिन्ही शून्य येतात. आयगेन व्हेक्टर शून्य असू शकत नाही. शून्याशिवाय दुसरं काही हाती लागत नसेल तर व्हेक्टरची पायरी पुन्हा पुन्हा तपासण्यात वेळ घालवू नये, λच चुकीचा आहे. बरेच विद्यार्थी नेमकं उलट करतात. ते λवर विश्वास ठेवून ओळींच्या क्रिया पुन्हा करत बसतात आणि परीक्षेतली दहा मिनिटं तिथे जातात.

बरोबर उत्तरांतला १ दोनदा आला आहे आणि त्यासाठीच या मेसेजमध्ये एक अख्खा आठवडा राखून ठेवला आहे. इथे λ = १ टाकलं की तिन्ही ओळी एकच समीकरण देतात: x + y + z = ०. त्याला बसणाऱ्या दोन वेगळ्या दिशा सहज सापडतात, उदाहरणार्थ (१, −१, ०) आणि (१, ०, −१). मूल्य दोनदा आलं आणि दिशाही दोन मिळाल्या. पण पहिली ओळ १, १ आणि दुसरी ०, १ अशी मॅट्रिक्स घेतली तर तिथेही १ दोनदाच येतो, आणि दिशा मात्र एकच मिळते, (१, ०). तिला डायगोनल रूपात आणताच येत नाही. दोन्ही गणितं एकाच संचात शेजारी ठेवली तरच हा फरक डोळ्यांत भरतो. पाठ्यपुस्तकांत ती सहसा दूर दूर असतात.

गटातल्या एकाने लगेच विचारलं की मागची दोन गणितं कशाला, त्याऐवजी नवी का नको? या प्रश्नावर प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एका प्रकारची सगळी गणितं सलग सोडवली, काहींनी चारही प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिश्रवाल्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत मिश्रवाले ६३ टक्क्यांवर होते आणि सलगवाले २० टक्क्यांवर. प्रयोग छोटा होता आणि विषयही वेगळा, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. कारण मात्र पटण्यासारखं आहे. सलग सरावात कुठली रीत वापरायची हे ठरवावंच लागत नाही, शीर्षकच ते सांगून टाकतं. परीक्षेत शीर्षक नसतं. म्हणूनच मागची गणितं कुठली हे न सांगण्याची अट सगळ्यांत उपयोगी ठरावी, आणि मुलांची कुरकुरही तिच्यावरच जास्त असणार.

आकड्याबद्दल मात्र थोडी घासाघीस व्हायला हवी. ३×३चं एक गणित आयगेन व्हेक्टर आणि ताळ्यासकट हाताने करायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. सहा गणितं म्हणजे जवळपास दोन तास. मंगळवार ते शुक्रवारात दोन बैठकींत ती होतात, एका बैठकीत उरकायला गेलं तर शेवटच्या दोघांचा ताळा गळतो. त्यापेक्षा चारच सोडवलेली बरी.

पाचव्या आठवड्यात कॉम्प्युटर उघडायची परवानगी आहे आणि त्यासाठी तिसऱ्या आठवड्यातली दिशा कमी पडणारी मॅट्रिक्सच पुन्हा घ्यावी. पायथनमध्ये numpy आणून अशी ओळ लिहायची:

```
np.linalg.eig([[1, 1], [0, 1]])
```

आयगेन व्हॅल्यू १ आणि १ मिळतात, ते ठीक. पण व्हेक्टर एक नसून दोन दिलेले दिसतात: पहिला (१, ०) आणि दुसरा −१ व 2.22e-16. ती दुसरी संख्या इतकी लहान आहे की दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं येतात. म्हणजे दुसरा व्हेक्टर हा पहिलाच, फक्त उलट्या तोंडाचा, आणि वर गणकाच्या अचूकतेच्या मर्यादेची धूळ. प्रोग्राम कुठलाही इशारा देत नाही. वहीत ‘एकच दिशा’ असं लिहिलेलं असेल तरच इथे शंका येते.

शंका न घेता याच व्हेक्टरांवरून मॅट्रिक्सचा शंभरावा घात काढला तर काय होतं, हे करून बघण्यासारखं आहे. दोन्ही आयगेन व्हॅल्यू १, त्यांचे शंभरावे घातही १, म्हणून नेहमीच्या सूत्राने उत्तर येतं कर्णावर १ आणि बाकी सगळीकडे ०. हाताने दोन-तीन वेळा गुणून पाहिलं की वरच्या उजव्या कोपऱ्यातली संख्या दर वेळी एकाने वाढताना दिसते: १, २, ३. शंभराव्या घाताला तिथे ० नसून १०० असतात.