ओट्यावरची भांडी आणि जोडीदाराची निवड

भयपट आवडतात का? दुसऱ्या एखाद्या देशात कधी एकट्याने फिरला आहात का? सगळं सोडून शिडाच्या बोटीवर राहायला गेलो तर मजा येईल, असं वाटतं का?

ओकेक्युपिड ही डेटिंग साइट २००४ मध्ये अमेरिकेत गणित शिकलेल्या चार मित्रांनी सुरू केली. त्यांच्यापैकी ख्रिश्चन रडर यांनी २०११ मध्ये, या साइटवर भेटून पुढे एकत्र आलेल्या जोडप्यांची उत्तरं तपासली. या तीनही प्रश्नांना दोघांचं उत्तर सारखं असलेली जोडपी ३२ टक्के निघाली. निव्वळ योगायोगाने जितकी निघाली असती, त्याच्या ३.७ पट. प्रश्नांत लग्नाचं नाव नाही, पगार नाही, स्वभावाची चौकशी नाही. तरीही माणूस भीतीकडे, एकटेपणाकडे आणि धाडसाकडे कसा बघतो, ते त्यांतून कळतं. शिवाय उत्तर देताना आपली परीक्षा चालली आहे असं कुणालाच वाटत नाही.

नवं डेटिंग ॲप काढणाऱ्यांची मोठी अडचण नेमकी इथे असते. नाव नोंदवताना काहीच विचारलं नाही, तर ॲपला माणसाबद्दल काही कळत नाही. फार विचारलं, तर माणूस अर्ध्यावरून निघून जातो. दोन्ही टोकं प्रत्यक्षात येऊन गेली आहेत. २००० साली सुरू झालेल्या ई-हार्मनीची प्रश्नावली चारशेहून अधिक प्रश्नांची होती. २०१२ साली आलेल्या टिंडरने फोटो डावीकडे-उजवीकडे सरकवण्यावरच जवळजवळ सगळं सोपवलं. नवीन ॲपला या दोन्हींच्या मधली वाट हवी असते आणि ती प्रश्नांच्या संख्येपेक्षा प्रश्नाच्या घडणीवर अवलंबून असते.

एक प्रश्न घेऊन बघू. राहणीमान जुळतं का हे कळावं म्हणून ॲप विचारतं, 'तुम्ही स्वच्छताप्रिय आहात का?' बहुतेक सगळे 'हो' म्हणतील, कारण या प्रश्नाचं 'बरोबर' उत्तर सगळ्यांना माहीत आहे. परीक्षेचा वास येतो तो इथूनच. आणि सगळ्यांचं उत्तर एकच आलं, की त्या प्रश्नातून ॲपला काहीच मिळत नाही.

आता तोच प्रश्न असा विचारू: 'पाहुणे जेवून गेले. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. ओट्यावर भांड्यांचा ढीग आहे. तुम्ही काय करता?' उत्तरं तीन. आत्ताच घासून मोकळं व्हायचं. पाणी घालून ठेवायची, सकाळी बघू. भांडी राहू देत, आधी गप्पा पूर्ण करू. यातलं कुठलंही उत्तर देताना लाज वाटत नाही. तीनही उत्तरांची माणसं चांगलीच आहेत, फक्त एकमेकांपेक्षा वेगळी आहेत. प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला, की माणूस आपण कसे असायला हवं ते सांगत नाही, आपण काय करतो ते सांगतो.

प्रश्न चांगला झाला की नाही, हे आकड्यांवरून ओळखता येतं. शंभरांतले पंच्याण्णव जण एकच उत्तर निवडत असतील, तर तो प्रश्न काढून टाकावा. उत्तरं साधारण सारखी विभागली गेली, तर तो माणसामाणसांतला फरक दाखवतो आहे. बरेच जण तो ओलांडून पुढे जात असतील, तर प्रश्न खाजगीत शिरतो आहे किंवा नीट कळत नाही. हे दिसण्यासाठी 'नंतर सांगतो' असं बटण मात्र हवंच. ते नसेल तर लोक काहीतरी दाबून पुढे जातात आणि खोटी माहिती खऱ्या माहितीत मिसळून जाते.

सगळेच प्रश्न असे प्रसंगातून विचारायचे नसतात. मुलं हवी आहेत का, लग्नाच्या दृष्टीने बघताय की नुसती ओळख हवी आहे, हे सरळ विचारावं. अशा गोष्टी आडून विचारल्या, तर माणसाला आपल्याशी खेळ चालल्यासारखं वाटतं. फक्त उत्तरांत 'अजून ठरलेलं नाही' असावं, कारण अनेकांसाठी तेच खरं उत्तर असतं.

उत्तर मिळालं म्हणजे अर्धंच काम झालं. भांडी रात्रीच घासणाऱ्या मुलीला जोडीदारही तसाच हवा असतो का? कदाचित तिला त्याचं काहीच वाटत नसेल. म्हणून ओकेक्युपिडने प्रत्येक प्रश्नाचे तीन भाग केले: तुमचं उत्तर काय, समोरच्याची कोणती उत्तरं तुम्हाला चालतील, आणि ही बाब तुमच्या लेखी किती महत्त्वाची. महत्त्वाला त्यांनी वजन दिलं होतं. काहीच फरक पडत नसेल तर ०, थोडा पडत असेल तर १, बऱ्यापैकी पडत असेल तर १०, खूप पडत असेल तर ५० आणि अत्यावश्यक असेल तर २५०.

वजनाची ही कल्पना आपल्याला ओळखीची आहे. पत्रिकेतल्या छत्तीस गुणांची बेरीज अशीच होते. वर्णाला १ गुण, वश्याला २, असं चढत चढत नाडीला ८. फरक इतकाच, की तिथे वजनं परंपरेने ठरवून दिली आहेत आणि ती सगळ्यांना सारखी आहेत. इथे ज्याने त्याने आपली वजनं स्वतः ठरवायची.

हिशोब कसा होतो, ते एका जोडीवर बघू. ती पुण्यातली, तो कोल्हापूरचा. तीन प्रश्न: सिगारेट, भांडी आणि घरात कुत्रा. तिच्या लेखी सिगारेटला ५०, कुत्र्याला १० आणि भांड्यांना १. एकूण ६१. तो सिगारेट ओढत नाही आणि त्याच्याकडे कुत्रा आहे, हे दोन्ही तिला चालतं. भांड्यांचं मात्र जुळत नाही. म्हणजे तिच्या बाजूने ६१ पैकी ६०, सुमारे ९८ टक्के. त्याच्या लेखी कुत्र्याला ५०, भांड्यांना १० आणि सिगारेटला १. भांडी सोडून बाकी त्याला जुळतं, म्हणजे ६१ पैकी ५१, सुमारे ८४ टक्के. आता हे दोन आकडे गुणायचे आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं ९१ टक्के.

साधी सरासरी का नाही, हे तिला घरात कुत्रा अजिबात नको आहे असं धरलं की कळतं. मग तिच्या बाजूने ६१ पैकी ५० उरतात, म्हणजे ८२ टक्के. त्याच्या बाजूने ६१ पैकी फक्त १, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. सरासरी काढली तर ४२ टक्के येतात आणि जोडी बरी वाटते. गुणून वर्गमूळ काढलं तर १२ टक्के येतात. एकाला मनापासून पसंत आणि दुसऱ्याला मुळीच नाही, अशा जोडीला सरासरी झाकून घेते, गुणाकार उघडं पाडतो.

या पद्धतीत दोन जागी घसरायला होतं. पहिली जागा म्हणजे २५०. लोकांना आपली प्रत्येक आवड अत्यावश्यक वाटते. सगळ्याच प्रश्नांना २५० दिले, तर सगळ्यांचं वजन सारखं झालं, म्हणजे कशालाच वजन उरलं नाही. म्हणून नव्या ॲपने सुरुवातीलाच सांगावं, की 'याच्याशी तडजोड नाही' हा शिक्का फक्त तीन गोष्टींवर मारता येईल. तीनच म्हटल्यावर माणूस थांबतो आणि विचार करतो.

दुसरी जागा म्हणजे तीन प्रश्नांवरून ९१ टक्के जाहीर करणं. ओकेक्युपिड यासाठी जुळणीतून काही टक्के वजा करत असे. दोघांनी उत्तरं दिलेले प्रश्न तीन असतील तर एक तृतीयांश, म्हणजे ३३ टक्के. आपल्या जोडीचे मग ५८ च उरतात. सामायिक प्रश्न पन्नास झाले, की वजावट २ टक्क्यांवर येते. माणसाला यातून आपोआप कळतं, की आणखी उत्तरं दिली तर आकडा जास्त भरवशाचा होईल. सक्ती न करता प्रश्न सोडवून घेण्याचा हा प्रामाणिक मार्ग आहे.

मग पहिल्या दिवशी विचारायचं किती? एक साधा हिशोब करू. प्रत्येक पडद्यावर शंभरांतले पाच जण कंटाळून निघून जातात असं धरलं, तर वीस पडद्यांनंतर शंभरांतले ३६ उरतात आणि आठ पडद्यांनंतर ६६. म्हणून सुरुवातीला फक्त तेवढंच विचारावं, ज्याच्याशिवाय कुणाला दाखवायचं हेच ठरत नाही: वय, स्वतःची ओळख, कोणाला भेटायचं आहे, किती अंतरापर्यंत आणि कशासाठी. त्यानंतर भांड्यांसारखे तीन प्रश्न आणि लगेच माणसं दाखवायला सुरुवात. बाकीचे प्रश्न पुढे, दहाबारा प्रोफाइल बघून झाल्यावर एखादा, या चालीने. तोवर प्रश्न कशासाठी आहेत हे माणसाला कळलेलं असतं. कोणत्या पडद्यावरून किती जण गेले याची नोंद मात्र रोज बघावी. एखाद्या पडद्यावर गळती अचानक वाढली, तर प्रश्न बदलायचा तिथेच.

जात, धर्म, उत्पन्न आणि आजार यांबद्दल सुरुवातीला विचारू नये, असं माझं ठाम मत आहे. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर हे रकाने असतात, कारण तो फॉर्म बहुतेकदा घरच्यांनी मिळून भरलेला असतो. इथे माणूस एकटा असतो आणि आपली माहिती कुणासमोर जाईल हे त्याला ठाऊक नसतं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचंही म्हणणं आहे, की संमती सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला एक कसोटी लावावी: या उत्तरामुळे समोर येणारी माणसं बदलणार आहेत का? बदलणार नसतील, तर विचारायचं कारण नाही.

प्रश्नांनी काय साधत नाही, तेही माहीत असावं. समंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल या मानसशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्पीड डेटिंगला आलेल्या लोकांकडून त्यांनी आधी शंभराहून अधिक गुण आणि आवडीनिवडी भरून घेतल्या. त्यांवरून कोण एकंदरीत जास्त जणांना आवडेल आणि कोणाला एकंदरीत जास्त जण आवडतील, याचा थोडा अंदाज बांधता आला. पण नेमक्या या दोघांचं एकमेकांवर मन बसेल का, ते सांगता आलं नाही. ज्याने आधीच ठामपणे 'नाही' म्हटलं आहे त्याच्यासमोर आपल्याला उभं करायचं नाही, एवढं प्रश्नांनी नक्की जमतं. मन जुळणं भेटीवरच राहतं.

त्या भेटीआधीचा पहिला मेसेज मात्र प्रश्नातून मिळू शकतो. माणसाने परवानगी दिली असेल तर त्याचं उत्तर प्रोफाइलवर दिसू द्यावं. मग 'हाय' लिहून ताटकळत बसण्याऐवजी कोल्हापूरचा तो लिहील, 'साडेअकराला खरंच भांडी घासता?' आणि पुण्यातल्या तिच्याकडे सांगायला काहीतरी असेल.